ढगाच्या हाती निरोप: यक्षाला दुसरं कुणी मिळालं नाही का?

दरवर्षी जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत एक सकाळ अशी येते, की फोन उघडल्याबरोबर काळ्या ढगाचं चित्र आणि त्याखाली ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ ही ओळ दिसते. कुणी शुभेच्छा देतं, कुणी कालिदासाला वंदन करतं. मग एखादा चिकित्सक भाचा विचारतो, “मामा, ढगाला पत्ता कसा कळला? आणि पोचेपर्यंत तो बरसून संपला तर?” मामा चहाचा घोट घेतो आणि विषय बदलतो.

भाच्याचा प्रश्न चांगला आहे, आणि तो त्याच्या आधी दीड हजार वर्षांपासून विचारला गेला आहे. ‘मेघदूत’ वाचताना तो प्रश्न धरून ठेवला, तर काव्याची कळ हाती लागते. ती कळ उलगडून पाहायचा हा प्रयत्न. संस्कृत येत नसलं तरी काही अडणार नाही.

गोष्ट आहे तरी काय?

गोष्ट एका ओळीची आहे. यक्ष म्हणजे कुबेराच्या पदरी असलेला एक अर्धदेव. कामात त्याची काहीतरी चूक झाली, धन्याने एक वर्षाची हद्दपारी दिली आणि सोबत दिव्य शक्तीही काढून घेतल्या. तो आता रामगिरीवर राहतो. बायको हिमालयात, कैलासाच्या कुशीतल्या अलका नगरीत. आठ महिने कसेबसे गेले आहेत. हातातलं सोन्याचं कडं गळून पडावं इतका तो वाळला आहे. अशात आषाढात डोंगराला बिलगलेला एक ढग त्याला दिसतो, आणि तो त्या ढगालाच निरोप सांगायला लागतो.

बस, एवढंच. पाठभेदांप्रमाणे श्लोक साधारण १११ ते १२०. त्यांचे दोन भाग आहेत: पूर्वमेघात रस्ता, उत्तरमेघात अलका, घर, ती आणि निरोप. ज्या काव्यात दूर असलेल्या माणसाला कुणातरी दूतामार्फत निरोप धाडला जातो, त्याला संदेशकाव्य किंवा दूतकाव्य म्हणतात. पुढे वारा, हंस, मोर, मैना, पोपट असे कितीतरी दूत आले. पण त्या सगळ्यांना वाट दाखवली ती या ढगाने.

‘हे पटत नाही’: पहिली तक्रार

साधारण सातव्या शतकातला भामह हा काव्यशास्त्रकार स्पष्ट म्हणतो, की ढग, वारा, चंद्र, भुंगा, चक्रवाक, पोपट यांना दूत करणं युक्तीला धरून नाही. यांतल्या काहींना वाचाच नाही, काहींची वाचा अस्पष्ट आहे. लांबच्या मुलखात जाऊन ते दूताचं काम करणार कसं? पण भामह लगेच एक फटही ठेवतो. ओढीने वेडा झालेला माणूस असं बोलत असेल तर बोलू दे, चांगले चांगले कवी हे करतातच. थोडक्यात, नियमात बसत नाही, पण इतके मोठे लोक करतात म्हटल्यावर चालवून घेऊ. आपल्याकडच्या बऱ्याच नियमांचं असंच होतं.

गंमत अशी, की ही तक्रार कालिदासाने स्वतःच पाचव्या श्लोकात मांडून ठेवली आहे. धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचं गाठोडं म्हणजे ढग. तो कुठे, आणि धडधाकट इंद्रियांच्या जिवांनी पोचवायचा निरोप कुठे! पण यक्षाला उतावीळपणात हे सुचलंच नाही, कारण ‘कामार्ता हि प्रकृतिकृपणाश्चेतनाचेतनेषु’: प्रेमाने व्याकूळ झालेल्यांना सजीव काय नि निर्जीव काय, हा भेद करायचं भान उरत नाही.

म्हणजे कवीला ढग म्हणजे काय ते नीट माहीत आहे. भान सुटलंय ते यक्षाचं. कवी शहाणा आणि पात्र वेडं, ही जोडी एकदा मान्य केली की पुढचं सगळं काव्य त्या वेड्याच्या तोंडून ऐकायचं असतं. पण ऐकता ऐकता लक्षात येतं, की हा वेडा कमालीचा व्यवस्थित आहे.

पोचेपर्यंत ढग रिकामा होणार नाही का?

यक्षाने याचा विचार केलेला आहे. तो सुरुवातीलाच सांगतो: थकलास की डोंगराच्या माथ्यावर टेक, आणि आटलास की ओढ्या-नद्यांचं हलकं पाणी पी. लांबच्या प्रवासाला निघालेल्या गाडीला पंप कुठे कुठे लागतील ते सांगावं, तसा हा सगळा रस्ता आखलेला आहे.

पहिला मोठा थांबा आम्रकूट. तिथे रानाला वणवा लागलेला असेल, तो विझव, म्हणजे डोंगर तुला उपकाराच्या जाणिवेने डोक्यावर घेईल. पण वणवा विझवायचा म्हणजे पाणी खर्च झालं. म्हणून पुढे लगेच रेवा, म्हणजे आपली नर्मदा. यक्ष सांगतो, पाऊस ओतून झाला की तिचं पाणी भरून घे. आत वजन असलं की वारा तुला वाटेल तिकडे ढकलू शकणार नाही, कारण ‘रिक्तः सर्वो भवति हि लघुः पूर्णता गौरवाय’. रिकामा तो हलका, भरलेल्याला वजन. हे वाक्य सुभाषित म्हणून भिंतीवर लावलेलं मी पाहिलं आहे, पण जागच्या जागी ती चक्क प्रवासाची सूचना आहे.

नर्मदेनंतर विदिशा, तिथे वेत्रवतीचं पाणी. आणि मग येतं ते प्रसिद्ध वळण. उत्तरेला निघालेल्या ढगाला यक्ष म्हणतो, ‘वक्रः पन्था यदपि भवतः’, रस्ता वाकडा पडेल, पण उज्जयिनी चुकवू नकोस. नकाशा काढून पाहा. विदिशेहून उज्जैन सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर पश्चिमेला आहे, किंबहुना किंचित दक्षिणेला सरकलेलं. म्हणजे ढगाला उत्तर सोडून आडवं जायचं आहे. बायको मरणाच्या दारात आहे असं म्हणणारा माणूस दूताला आडवाटेला लावतो! टीकाकारांना यात कवीचं उज्जैनवरचं प्रेम दिसतं, आणि ते खरंच असावं. महाकालाच्या देवळात संध्याकाळपर्यंत थांब, आरतीच्या वेळी तुझा गडगडाट हाच नगारा होऊ दे. मग विजेला, म्हणजे तुझ्या बायकोला, चमकून चमकून दमल्यासारखं झालं असेल, तेव्हा पारवे झोपलेत अशा एखाद्या गच्चीवर रात्र काढ. दूताची बायको त्याच्याबरोबर आहे, हे यक्ष विसरत नाही. ते शेवटी पुन्हा येणार आहे.

तिथून गंभीरा, देवगिरी, चर्मण्वती म्हणजे चंबळ, दशपूर म्हणजे आजचं मंदसौर, कुरुक्षेत्र, सरस्वती, हरिद्वारजवळचं कनखल, आणि हिमालय. रामगिरी म्हणजे रामटेक धरून मी या टप्प्यांमधली सरळ अंतरं जोडून पाहिली, तर ती १,७०० ते १,८०० किलोमीटरच्या आसपास भरतात. थेट गेला असता तर साधारण १,१०० मध्ये काम झालं असतं.

रामगिरी म्हणजे रामटेकच कशावरून?

विदर्भातल्या वाचकाला हा प्रश्न विचारायचा नसतो, तरी विचारू. मल्लिनाथ हा मेघदूताचा सर्वांत गाजलेला टीकाकार, तो रामगिरी म्हणजे चित्रकूट म्हणतो. पण चित्रकूटहून उत्तरेला निघालेल्या ढगाला नर्मदा लागणारच नाही, ती मागे दक्षिणेला राहते. छत्तीसगडातल्या सरगुजा भागातल्या रामगडचं नावही घेतलं जातं.

इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी रामटेकची बाजू लावून धरली. त्यांच्या बाजूने मोठा पुरावा असा, की वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हिचा अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला सापडलेला ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पायापासून’ दिलेला आहे. म्हणजे त्या काळी इथे रामगिरी नावाचं देवस्थान होतं आणि राजघराण्याचा तिथे राबता होता. नर्मदाही नेमकी वाटेत येते. अडचण आम्रकूटाची. ते अमरकंटक धरलं तर रामटेकहून ईशान्येला जावं लागतं आणि मग विदिशेकडे पुन्हा पश्चिमेला यावं लागतं. म्हणून काहीजण आम्रकूट दुसरीकडे शोधतात. माझं मत रामटेककडे झुकतं. पण कुणी ‘सिद्ध झालंय’ म्हणालं, तर त्याला आम्रकूट कुठे ते विचारा.

ढगच का? हरकाऱ्याने काय बिघडलं असतं?

आता मुख्य प्रश्न. यक्षाच्या तोंडचे दोन-तीन तपशील शेजारी शेजारी ठेवले, की उत्तर सापडतं.

जुन्या काळी पावसाळा म्हणजे रस्ते बंद. नद्या फुगलेल्या, बैलगाड्या रुतलेल्या. व्यापारी, शिपाई, मजूर, सगळे पाऊस धरायच्या आत घरी परतायचे. त्यामुळे आकाशात पहिला ढग दिसला की घरातल्या बाईला कळायचं, आता तो येईल. आपल्याकडच्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांमध्येही परदेशी गेलेला वाटसरू, त्याची वाट पाहणारी बायको आणि पहिला ढग हे तिघं पुन्हा पुन्हा भेटतात. मेघदूतातही यक्ष ढगाला सांगतो: तू वर चढलास, की प्रवाशांच्या बायका कपाळावरचे केस सावरून भरवशाने तुझ्याकडे पाहतील. आणि पुढे: तुझा आवाज वाटेवर दमून बसलेल्या प्रवाशांना घाई करायला लावतो, कारण त्यांना बायकोची विरहात बांधलेली वेणी सोडायची असते.

म्हणजे ढगाला निरोप द्यावाच लागत नाही. ढग हाच निरोप आहे. त्याचा मजकूर ठरलेला: ‘नवरा निघालाय.’ गावात एसटीची धूळ दिसावी आणि कोण कोण येणार याची बायाबापड्यांनी वाट पाहावी, तसं.

आता यक्षाच्या जागी उभे राहा. तुमच्या डोळ्यांसमोर तो ढग उत्तरेला निघाला आहे. काही दिवसांत तो तुमच्या घरावर पोचणार, आणि तिथे हाच ठरलेला मजकूर वाचला जाणार. शेजारणींचे नवरे येतील. तुम्ही येणार नाही, कारण तुमची शिक्षा संपायला अजून चार महिने आहेत. मग ती काय समजेल? तिसऱ्या श्लोकात कवी हेच सांगतो: ढग पाहून सुखी माणसाचंही मन थाऱ्यावर राहत नाही, मग गळ्यात पडणारं माणूस दूर असेल तर काय! आणि लगेच चौथ्यात: श्रावण जवळ आला, तेव्हा तिचा जीव टिकावा म्हणून आपलं कुशल कळवावं, असं यक्षाला वाटलं.

हरकारा इथे उपयोगाचा नाही, कारण तो ढगाच्या मागे पडेल. ढगाबरोबर वेळेत पोचेल अशी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ढग. जो चुकीची बातमी घेऊन चालला आहे, त्याच्याच हातात यक्ष दुरुस्ती देतो. मेघदूताकडे असं पाहिलं की ढगाची निवड मला वेडेपणाची वाटत नाही.

आणि यक्ष दूताचा मानही ठेवतो. आधी कुड्याची ताजी फुलं वाहून स्वागत करतो. कुडा तुम्ही पाहिला असेल, पहिल्या पावसाच्या सुमारास रानात पांढरा फुललेला असतो. मग ढगाच्या कुळाची स्तुती. काम सांगायचं तर आधी पाहुणचार, हे आपल्याला नवीन नाही. ज्ञानदेवांच्या ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ मधली विरहिणी कावळ्याला पाय सोन्याने मढवीन म्हणते, दहीभाताची उंडी आणि दुधाची वाटी कबूल करते, आणि विचारते ते एकच, पंढरीराव घरी कधी येणार. तिथे कावळा निरोप घेऊन जात नाही, घेऊन येतो. पण मोबदला ठरवायची रीत तीच.

पत्ता आणि खात्री

भाच्याचा पत्त्याचा प्रश्न उरला आहे. यक्षाने दिलेला पत्ता असा: कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला आमचं घर. लांबूनच ओळखू येईल, इंद्रधनुष्यासारखी कमान आहे. अंगणात लहान मंदाराचं झाड, तिने पोरासारखं वाढवलेलं, फुलांचे घोस हाताला लागतील इतकं वाकलेलं. पाचूच्या पायऱ्यांची विहीर, शेजारी केळींनी वेढलेली छोटी टेकडी, दारावर शंख आणि पद्म काढलेले. ‘मारुतीच्या देवळामागे, निळं फाटक, अंगणात पेरू’ असा पत्ता सांगणाऱ्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल.

पोचल्यावर कसं वागायचं तेही सांगितलं आहे. हत्तीच्या पिल्लाएवढा लहान हो, म्हणजे त्या टेकडीवर बसता येईल. वीज जोरात चमकवू नकोस, काजव्यांच्या रांगेइतकीच. ती झोपली असेल तर गडगडू नकोस, एक प्रहर थांब. कदाचित स्वप्नात तिला मी भेटलो असेन. मग गार वाऱ्याने उठव, आणि बोल.

पहिल्याच ओळीत काय म्हणायचं? ‘अविधवे.’ हे तिला केलेलं संबोधन आहे. आपण ‘बाईसाहेब’ म्हणतो त्या जागी ढगाने म्हणायचं, ‘हे सवाष्णी’. वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिला जे ऐकायचं आहे ते कळलं: तो जिवंत आहे. पूर्वी तार आली की घरातले रडायला सुरुवात करायचे, म्हणून शहाणा माणूस दारातूनच ‘सगळं ठीक आहे’ ओरडत तार वाचायचा. तसं हे.

खरं तर यापेक्षा नवी बातमी निरोपात फार नाही. शिक्षा किती दिवसांची ते तिला ठाऊकच आहे. ती उंबऱ्यावर फुलं मांडून उरलेले महिने मोजत असेल, असं यक्ष स्वतःच म्हणतो. निरोपाचे श्लोक जेमतेम दहा-बारा. वेलीत तुझं अंग शोधतो, हरिणीच्या डोळ्यांत तुझी नजर, पण एकाच जागी तू पूर्ण सापडत नाहीस. दगडावर गेरूने तुझं रुसलेलं चित्र काढलं, पाया पडायला गेलो तर डोळे भरून आले आणि दिसेनासं झालं.

पण कुणीही अनोळखी येऊन असं म्हणाला तर विश्वास का ठेवायचा? याचीही सोय आहे. बँकेतून फोन आला की आपण विचारतो, तुम्ही खरंच बँकेतून कशावरून? दोघांनाच माहीत असलेली एखादी खूण लागते. तिला अभिज्ञान म्हणतात. यक्ष सांगतो, तिला आठवण दे: एकदा माझ्या गळ्यात हात टाकून झोपली होतीस, आणि रडत दचकून उठलीस. मी खोदून खोदून विचारल्यावर मनात हसत म्हणालीस, ‘लबाडा, स्वप्नात तू दुसऱ्याच कुणाशी रमलेला दिसलास.’ हे तिसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नाही. खूण पटते, आणि निवडलेली खूण संशयाची आहे हेही पाहा. ‘लोक काहीबाही बोलतात त्यावर विश्वास ठेवू नकोस’ हे वाक्य लगेच पुढे येतं.

ही पद्धत कालिदासाने शोधली नाही. रामाची अंगठी घेऊन हनुमान लंकेत गेला, आणि परतताना सीतेने कावळ्याची दोघांनाच माहीत असलेली गोष्ट खूण म्हणून सांगितली. मेघदूत ते लपवत नाही: ढग बोलू लागेल तेव्हा ती मारुतीकडे पाहणाऱ्या मैथिलीसारखी मान वर करेल, असं यक्ष म्हणतो. पहिल्याच श्लोकात रामगिरीचं पाणी सीतेच्या स्नानाने पवित्र झालेलं आहे.

मग तो दिवस नक्की कोणता?

व्हॉट्सअॅपवर दरवर्षी वाद होतो तो हा. काही जुन्या प्रतींत ‘प्रथमदिवसे’ ऐवजी ‘प्रशमदिवसे’ आहे, म्हणजे आषाढाच्या शेवटच्या दिवशी. काश्मीरचा वल्लभदेव हा जुना टीकाकार दुसरा पाठ घेतो, मल्लिनाथ पहिला. एका अक्षराचा फरक, आणि महिन्याचं अंतर.

निवाड्याला दोन धागे आहेत. एक, ‘श्रावण जवळ आला’ हे शब्द. दुसरा, निरोपातलं वाक्य: विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा शाप संपेल, तोवर उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. विष्णू उठतो कार्तिक शुद्ध एकादशीला. वारकऱ्याला हे सांगावं लागत नाही, आषाढीला देव झोपतो आणि कार्तिकीला उठतो.

आता मोजू. आपल्या महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी एकादशी चार महिने दहा दिवस. दहा दिवस जास्त. आषाढ अमावास्येपासून मोजलं तर तीन महिने अकरा दिवस. बरेच कमी.

पण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, हे कावडयात्रेच्या बातम्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्या पद्धतीने आषाढाचा पहिला दिवस धरला तर चार महिने पंचवीस दिवस होतात, आणि शेवटचा, म्हणजे आषाढी पौर्णिमा धरली तर तीन महिने सव्वीस दिवस. जवळजवळ चार महिने, आणि दुसऱ्याच दिवशी श्रावण. गणिताने पाहिलं तर हा पर्याय सगळ्यांत नीट बसतो.

मग मी दरवर्षी प्रतिपदेच्या शुभेच्छांना उत्तर का देतो? कारण त्या दहा दिवसांचा एक हिशेब मला आवडतो. निरोपातले ‘उरलेले चार महिने’ यक्ष बोलतो तेव्हापासून नाही, तर ती ऐकते तेव्हापासून मोजायचे. ढग प्रतिपदेला निघाला आणि दहा दिवसांनी पोचला, तर तो दिवस बरोबर आषाढी एकादशीचा. देव झोपी गेला आणि तिचे चार महिने सुरू झाले. वेग पडतो दिवसाला पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे ताशी सातच्या आसपास, सायकलवाल्यापेक्षा सावकाश. उज्जैनला रात्र काढणाऱ्या, नदी-नदीवर पाणी पिणाऱ्या ढगाला शोभेल असाच. हा पुरावा नव्हे, हा माझा लाड आहे. बाराव्या दिवशी पोचला असता तर मी गप्प बसलो असतो.

दुसऱ्या दूतांचं काय झालं?

मेघदूतानंतर या वाटेने बरीच गर्दी झाली. बाराव्या शतकात बंगालच्या लक्ष्मणसेनाच्या दरबारातल्या धोयीने वाऱ्याला पाठवलं, आणि तिथे निरोप देणारी मुलगी आहे, घेणारा राजा. मलय पर्वतावरून गौडदेशापर्यंत वारा जातो, वाटेत राजाची कीर्ती दिसते. वेदान्तदेशिकाने रामाकडून सीतेला हंस धाडला. सिंहली भाषेत मैना आणि मोर निघाले, पण बहुतेक वेळा प्रेयसीकडे नव्हे, देवाकडे, राज्याचं भलं मागायला. दूत राहिला, रस्ता राहिला, आणि विरह मात्र हळूहळू गळाला. माझ्या मते या प्रकारात नेहमी असंच होतं: रस्त्याचं वर्णन इतकं छान जमतं, की पोचायची घाई कुणालाच उरत नाही.

एक अपवाद वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा. राष्ट्रकूट काळातल्या जिनसेन या जैन आचार्याने मेघदूताच्या ओळी एकेक करून उचलल्या आणि त्यांच्याभोवती नव्या ओळी बांधून पार्श्वनाथाचं चरित्र सांगितलं. शृंगाराचं वैराग्य केलं. पण त्यामुळे त्या काळी मेघदूताची कुठली प्रत चलनात होती ते त्याच्या काव्यात जसंच्या तसं टिकलं. घुसडलेले श्लोक शोधताना अभ्यासक आज तिकडे पाहतात.

आणि श्लोक घुसडले गेलेच. कारण मूळ काव्यात एक गोष्ट सांगितलेलीच नाही: निरोप पोचला का? यक्ष बोलून थांबतो, ढग ‘हो’ म्हणत नाही. पुढच्या कुणालातरी हे सहन झालं नाही, म्हणून काही प्रतींत जादा श्लोक आहेत. ढग जातो, निरोप सांगतो, कुबेर ऐकतो, विरघळतो, शाप मागे घेतो, दोघं भेटतात. आपल्या मालिकांचे शेवट लिहिणाऱ्यांचे ते पूर्वज असावेत.

मूळात यक्ष त्या गप्प ढगाला म्हणतो: तू उत्तर देत नाहीस म्हणून मला शंका नाही. चातक मागतो तेव्हाही तू न बोलताच पाणी देतोस. मग एकच आशीर्वाद देऊन थांबतो, तोही दूताच्या संसारासाठी: तुझा आणि विजेचा क्षणभरही असा वियोग न होवो.